२४ पुस्तिका, एकच आजी: घरचं मॉडेल की क्लाउडची सेवा

काम असं होतं. साताऱ्याजवळ राहणाऱ्या एका चित्रकार ताईंकडे लहान मुलांच्या २४ पुस्तिकांची मालिका आली. प्रत्येक पुस्तिकेत ६ चित्रं, म्हणजे एकूण १४४. सगळ्या गोष्टींत तीच आजी आणि तीच नात. आजी नऊवारी नेसणारी, शेतात राबणारी, कधी चुलीपाशी, कधी बाजारात. मानधन एवढंच की प्रत्येक चित्र जलरंगात पूर्ण हाताने करायचं म्हटलं तर कागद-रंगाचा खर्च आणि वेळ दोन्ही निघत नव्हते. म्हणून ताईंनी ठरवलं की रेखाटन आपण करायचं, रंग आणि मागचा परिसर चित्रं काढणाऱ्या एआय मॉडेलकडून पण आपल्याच शैलीत भरून घ्यायचा, आणि शेवटचा हात पुन्हा आपण फिरवायचा. प्रकाशकांना हे आधीच सांगितलं आणि करारातही लिहून घेतलं. संगणकाची बाजू माझ्याकडे आली.

त्यांचा पहिला प्रश्न साधा होता: "दादा, ग्राफिक्स कार्ड विकत घेऊन मॉडेल घरीच चालवू की क्लाउडच्या सेवेला दर महिन्याला पैसे भरू?" अशा प्रश्नाला बहुतेक जण लगेच पैशांच्या हिशेबाने उत्तर देतात. आम्हीही हिशेबच आधी मांडला, आणि त्यात घरचा संगणक हरला. तरी शेवटी निवड झाली ती घरच्याच संगणकाची. ती का झाली, हे सांगण्यासारखं आहे.

हिशेब

एक चित्र पसंत पडेपर्यंत सरासरी १२ प्रयत्न लागतील असं धरलं. १४४ गुणिले १२ म्हणजे १,७२८ चित्रं. क्लाउडवर चित्रामागे दर घेणाऱ्या सेवांमध्ये तेव्हा दोन टोकं होती. गूगलच्या 'जेमिनी २.५ फ्लॅश इमेज'चा दर चित्राला सुमारे ४ सेंट. ओपनएआयच्या 'जीपीटी इमेज १'चा, सर्वोच्च दर्जाच्या चौकोनी चित्रासाठी, सुमारे १९ सेंट. डॉलर ९० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी धरला, तर स्वस्त टोकाला साडेसात हजारांच्या आत काम होतं आणि महाग टोकाला ३५ हजारांच्या आसपास जातं. मिडजर्नीसारख्या मासिक वर्गणीचं गणित वेगळं. तिथे महिना ३० डॉलरच्या योजनेत हवी तेवढी चित्रं सावकाश रांगेत मिळतात, पण ती इतरांना दिसू नयेत असं वाटत असेल तर ६० डॉलरची योजना घ्यावी लागते. प्रकाशित न झालेल्या मालिकेची चित्रं उघड्यावर राहणं प्रकाशकांना चालणार नव्हतं.

घरच्या बाजूला: ताईंकडे चार वर्षं जुना डेस्कटॉप होता. त्यात १२ जीबी मेमरीचं 'आरटीएक्स ३०६०' कार्ड बसवायचं, जुना ४५० वॅटचा एसएमपीएस काढून ५५० चा घालायचा, रॅम १६ वरून ३२ जीबी करायची आणि एक टेराबाइटची एसएसडी. सगळं मिळून सुमारे ४० हजार रुपये. वीज मात्र जवळजवळ नगण्य. या कार्डावर १०२४ पिक्सेलचं चित्र साधारण २५ सेकंदांत होतं. १,७२८ चित्रांना १२ तास, पूर्ण भारावर संगणक ३०० वॅट ओढतो असं धरलं तरी चार युनिटांच्या आत. चित्रं करायला वीज फार लागते म्हणून घरी परवडत नाही, असं अनेकांना वाटतं. एका घरच्या संगणकाच्या पातळीवर तसं काही नाही. खर्च आहे तो यंत्राचा.

म्हणजे नुसत्या पैशांत क्लाउड सरळ जिंकतो. आणि मी अगदी मनापासून सांगेन की ज्याला लग्नपत्रिकेसाठी, दुकानाच्या फलकासाठी किंवा महिन्यातून दोन-चार पोस्टसाठी चित्रं लागतात, त्याने ४० हजारांच्या कार्डाचा विचारही करू नये.

काष्टा

मग आम्ही एकच वर्णन घेऊन ते सगळीकडे चालवलं: म्हातारी बाई, नऊवारी, भाताच्या खाचरात वाकून लावणी करते आहे, पाठीमागून दिसते. क्लाउडवरच्या दोन सेवा आणि घरच्या संगणकावर 'स्टेबल डिफ्यूजन एक्सएल' हे मूळ मॉडेल, काहीही न शिकवता.

तिन्ही ठिकाणी पहिल्या नजरेत चित्र छान होतं आणि तिन्ही ठिकाणी साडी चुकली. नऊवारीत कापड दोन पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचतात, म्हणून बाई वाकली की पोटऱ्या मोकळ्या दिसतात आणि मागे काष्ट्याची घडी पडते. यंत्राने काढली होती सहावारी, खालून घागऱ्यासारखी गोल, चिखलाच्या थोडी वर उचललेली. तशा साडीत कुणी लावणी करू शकत नाही. ज्या मुलाच्या घरात आजी रोज काष्टा घालून वावरते, ते मूल हे चित्र बघून ही आपली आजी नाही असंच म्हणेल. ताईंच्या दृष्टीने मालिकेचा जीव त्यातच होता.

कारण उघड आहे. ही मॉडेलं इंटरनेटवरच्या चित्रं आणि त्यांच्या इंग्रजी वर्णनांवर शिकलेली आहेत. तिथे 'साडी' म्हणजे समोरून काढलेला, उभ्या बाईचा फोटो. नऊवारी आहे ती बहुतांश गुढीपाडव्याच्या शोभायात्रेतली किंवा लग्नातली, नथ-चंद्रकोरीसह. पाठमोरी, वाकलेली, कामातली नऊवारी जवळजवळ नाहीच.

क्लाउडच्या सेवांमध्ये यावर उपाय आहे: संदर्भासाठी फोटो द्यायचा आणि "साडी अशी कर" असं सांगायचं. आम्ही ताईंच्या मावशींचा, त्यांची परवानगी घेऊन काढलेला फोटो दिला. एका सेवेने काष्टा बराचसा नीट काढला, आणि हे नाकारण्यात अर्थ नाही की समज त्या सेवेची जास्त होती. पण दुसऱ्या पानासाठी तीच आजी मागितली की चेहरा थोडा तरुण झाला, तिसऱ्यात नाक बदललं, आणि रंगकाम हळूहळू ताईंच्या जलरंगाकडून गुळगुळीत, चकचकीत चित्राकडे सरकत गेलं. एकाच चित्रावर पुन्हा पुन्हा दुरुस्ती मागितली तर प्रत्येक फेरीत सगळंच चित्र नव्याने काढलं जातं. त्यामुळे ज्या भागाला हात लावायचा नव्हता तोही थोडा मऊ पडत जातो. एक प्रसंग तर नाकारलाच गेला: आजी विळ्याने गवत कापते आणि नात शेजारी बसली आहे. धारदार हत्यार आणि लहान मूल एकत्र आल्यावर सेवेची सुरक्षेची गाळणी अडली असावी. कारण सांगितलं गेलं नाही. शेतीच्या गोष्टींमध्ये विळा टाळून चालणार कसं?

इथे निवडीचा काटा फिरला. प्रश्न आता दर चित्राला किती पैसे हा राहिला नाही. जे मॉडेलला माहीत नाही ते त्याला शिकवता येईल का, आणि शिकवलेलं ते २४ पुस्तिका संपेपर्यंत जसंच्या तसं राहील का, हा झाला. मालिकेचं काम वर्षभर चालणार होतं आणि पुढे दुसरी मालिका येण्याची शक्यता होती. ओपनएआयचंच उदाहरण घेतलं तर २०२२ मध्ये 'डॅल-ई २', २०२३ मध्ये 'डॅल-ई ३', २०२५ मध्ये 'जीपीटी इमेज १'. प्रत्येक नवं मॉडेल आधीच्यापेक्षा चांगलं, पण प्रत्येकाचा हातही वेगळा. ज्याला एकेकटं चित्र हवं त्याला हा फायदाच आहे. ज्याला पहिल्या आणि चोविसाव्या पुस्तिकेत तोच हात हवा, त्याला आपल्या डिस्कवर पडून राहणारी, कुणी न बदलणारी फाइल लागते.

कोणतं मॉडेल

खुलं मॉडेल म्हटलं की सगळं मोफत आणि मोकळं असं समजू नये. परवाना प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो वाचावाच लागतो.

चित्राच्या गुणवत्तेवर निवडायचं तर ऑगस्ट २०२४ मध्ये ब्लॅक फॉरेस्ट लॅब्सने काढलेलं 'फ्लक्स १ डेव्ह' आम्हाला जास्त आवडलं होतं. पण त्याचा परवाना बिगरव्यावसायिक वापराचा, आणि हे काम मानधनाचं. त्याचंच भावंड 'फ्लक्स १ श्नेल' अपाचे २.० परवान्याखाली आहे, म्हणजे धंद्याला चालतं, पण ते चार पायऱ्यांत चित्र करावं म्हणून आटवून बनवलेलं असल्यामुळे त्याला नवीन काही शिकवणं अवघड जातं. शिवाय १२ अब्ज पॅरामीटरचं हे मॉडेल मूळ रूपात २४ जीबीच्या घरात जातं. १२ जीबीच्या कार्डावर ते दाबून लहान केलेल्या रूपातच बसतं. अलीबाबाचं 'क्वेन-इमेज' अपाचे परवान्याचं, पण २० अब्ज पॅरामीटरचं. या कार्डाला ते झेपणारं नव्हतं.

म्हणून जुलै २०२३ चं 'स्टेबल डिफ्यूजन एक्सएल' घेतलं. वयाने जुनं, वर्णन समजण्यात कच्चं, पण फाइल ७ जीबीच्या आत, परवाना काही निषिद्ध वापर वगळता व्यावसायिक कामाला मोकळा, आणि घरच्या कार्डावर शिकवण्याची वाट पुष्कळांनी तुडवलेली. आमच्या कामात ताईंचं रेखाटन आधीच असणार होतं, त्यामुळे वर्णन समजण्यातला कच्चेपणा फारसा आड येणार नव्हता. रेखाटनाबरहुकूम चित्र बसवायला 'कंट्रोलनेट' नावाचं जोड-मॉडेल वापरतात. कागदावरची रेघ स्कॅन करून दिली की आजी कुठे वाकली, हात कुठे गेला, हे तिथून ठरतं, शब्दांतून नाही. हे सगळं 'कम्फीयूआय' या मोफत कार्यक्रमात जोडलं.

शिकवणी

संपूर्ण मॉडेल पुन्हा शिकवणं घरी शक्य नाही. त्याऐवजी 'लोरा' करतात: मूळ मॉडेलला हात न लावता त्याच्या काही थरांवर बसणारी छोटी, काही शे एमबीच्या आतली पुरवणी.

आधी दोन वेगळ्या लोरा केल्या. एक ताईंच्या जुन्या जलरंग चित्रांवरून शैलीची, दुसरी नऊवारीच्या फोटोंवरून. वेगवेगळ्या चालवल्या तर दोन्ही ठीक. एकत्र लावल्या की भांडण: साडीची लोरा फोटोंवर शिकलेली, म्हणून ती चित्रालाही फोटोकडे ओढायची. आजीच्या कापडाला खरा चुण्यांचा पोत आणि चेहऱ्याला जलरंग, असं विचित्र मिश्रण. शिवाय फोटोंत दोन-तीन जणींनी नथ घातली होती, तर चुलीपाशी बसलेल्या आजीलाही नथ यायला लागली.

तोडगा ताईंनीच काढला आणि तो मला या सगळ्या कामातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. त्यांनी फोटो बाजूला ठेवून काष्ट्याचे अभ्यास स्वतः रंगवले: पाठमोरा, बाजूने, उकिडवं बसलेलं, डोक्यावर पाटी घेऊन चालताना. ही चित्रं आणि जुनी चित्रं एकत्र करून एकच लोरा शिकवली. एकूण ६० च्या आसपास चित्रं. प्रत्येकाला एक मजकूर फाइल, तिच्यात वर्णन:

```
tsrang style, old woman in kashta sari, bending, seen from behind, paddy field
```

यातला `tsrang` हा मुद्दाम निरर्थक शब्द, म्हणजे त्याला आधीचा कुठलाच अर्थ चिकटलेला नाही. वर्णन लिहिण्याचा नियम उलटा वाटतो पण महत्त्वाचा आहे: जे बदलायला हवं ते लिहायचं, जे कायम राहायला हवं ते लिहायचं नाही. कागदाचा पोत, रंगाची ओल, रेघेची जाडी याबद्दल आम्ही एक शब्दही लिहिला नाही, म्हणून ते सगळं त्या निरर्थक शब्दात जाऊन बसलं. शेत, चूल, बाजार लिहिलं, म्हणून ते बदलता आलं.

१२ जीबीमध्ये हे बसवायला एका वेळी एकच चित्र, पुरवणीचा आकार ठरवणारी लोराची रँक १६, आणि मेमरी वाचवणारे ८-बिट ऑप्टिमायझर व ग्रेडियंट चेकपॉइंटिंग चालू, असं ठेवावं लागलं. सुमारे २,००० पावलांना दोनेक तास लागतात. दर २५० पावलांना फाइल जतन केली आणि शेवटी सगळ्या फाइलींवर तेच वर्णन आणि तोच सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, चालवून चित्रं शेजारी शेजारी ठेवली. सुरुवातीच्या फाइलींत काष्टा अर्धवट. शेवटच्या फाइलींत काष्टा चोख, पण कुठलाही प्रसंग मागितला तरी मागे तोच आंब्याचा डेरेदार वृक्ष, कारण तो ताईंच्या जुन्या चित्रांत वारंवार आहे. जास्त शिकवल्याची खूण ही अशी असते: न मागितलेली गोष्ट यायला लागते. आम्ही मधली, १,५०० पावलांची फाइल ठेवली आणि ती ०.८ जोराने वापरली.

घरी काय बिघडतं

सर्वांत फसवा बिघाड वेगाचा. विंडोजवर कार्डाची मेमरी भरली की एनव्हिडियाचा ड्रायव्हर उरलेला माल साध्या रॅममध्ये ढकलतो. चूक दाखवली जात नाही, काम थांबत नाही, फक्त २५ सेकंदांचं चित्र काही मिनिटांवर जातं. माणूस समजतो कार्ड खराब आहे. टास्क मॅनेजरमध्ये `Shared GPU memory` चा आकडा चढताना दिसला की ओळखावं. नाहीतर दुसऱ्या खिडकीत हे चालू ठेवावं:

```
nvidia-smi -l 1
```

आकडा १२ जीबीला टेकला असेल तर ब्राउझरच्या जास्तीच्या खिडक्या बंद कराव्यात, किंवा कंट्रोलनेट आणि मोठं करण्याचं काम एका फेरीत न करता दोन फेऱ्यांत करावं. दुसरा नेहमीचा बिघाड म्हणजे पूर्ण काळं चित्र. एक्सएलचा मूळ व्हीएई, म्हणजे शेवटी आकड्यांतून चित्र उलगडणारा भाग, १६-बिटमध्ये मावणाऱ्या आकड्यांची मर्यादा ओलांडून जातो. त्याची १६-बिटसाठी दुरुस्त केलेली आवृत्ती बसवली की प्रश्न मिटतो.

मॉडेलच्या फाइली उतरवताना `.safetensors` याच रूपातल्या घ्याव्यात. जुन्या `.ckpt` फाइली उघडताना त्यांच्यातला लपवलेला प्रोग्राम चालू शकतो. कम्फीयूआयसाठी कुणीही लिहिलेले नोड, म्हणजे छोटे जोडकार्यक्रम, तेही तसेच. २०२४ मध्ये अशाच एका नोडमधून लोकांचे पासवर्ड चोरले गेले होते. ताईंच्या संगणकावर आम्ही मोजकेच नोड ठेवले आणि एकदा घडी बसल्यावर अद्ययावत करणं बंद केलं.

आणि लाइट. शिकवणी चालू असताना लाइट गेली तर शेवटची जतन केलेली फाइल उरते, बाकी गेलं. घरातला साधा इन्व्हर्टर बदलीच्या क्षणी संगणक बंद पाडत होता, म्हणून मध्ये एक छोटा यूपीएस आला. तो खर्च आधीच्या ४० हजारांत नव्हता.

तिसरा मार्ग आणि छपाई

कुणी म्हणेल, खुलं मॉडेलच हवं तर ते भाड्याच्या कार्डावर का चालवू नये? रनपॉड किंवा वास्ट.एआयवर 'आरटीएक्स ४०९०' तासाला अर्ध्या डॉलरच्या आसपास मिळतं. शिकवणीसाठी हा मार्ग उत्तम आहे. कार्ड घ्यायला पैसे नसते तर आम्ही तोच धरला असता. पण चित्रं करण्याच्या कामात मशीन थोडा वेळ चालतं आणि माणूस बराच वेळ बघत बसतो. ताई एका चित्रासमोर अर्धा तास विचार करायच्या, चहा घ्यायच्या, रेघ बदलायच्या. भाड्याचा मीटर त्या अर्ध्या तासातही फिरतो. यंत्र आपलं असल्यावर ही घाई मनात येत नाही, आणि मला वाटतं चित्रं सुधारली त्यात या निवांतपणाचा मोठा वाटा आहे.

पुस्तिका ७ इंची चौकोनी. ३०० डीपीआयला २,१०० पिक्सेल लागतात आणि आपलं चित्र १,०२४ चं. मोठं करण्यासाठी पुष्कळ जण ज्या लोकप्रिय अपस्केलरची शिफारस करतात त्यांपैकी काहींचे परवाने बिगरव्यावसायिक आहेत. आम्ही धंद्याला चालणाऱ्या बीएसडी परवान्याचा 'रिअल-ईएसआरगॅन' वापरला. मजकूर चित्रात कधीच काढून घेतला नाही. एक्सएलला देवनागरी येत नाही, जोडाक्षरं तर मोडतातच. शीर्षकं आणि दुकानांच्या पाट्या 'मुक्ता' आणि 'बलू' या खुल्या फाँटमध्ये इंकस्केपवर बसवल्या.

क्लाउडची सेवा पूर्ण सोडली नाही. ज्या प्रसंगांत माणसांची गर्दी आहे, जसं आठवडी बाजार किंवा एसटी स्टँड, तिथे एक्सएल चेहऱ्यांचा लगदा करतं. अशा वेळी ताई क्लाउडवर नुसत्या मांडणीची दोन-चार चित्रं काढून बघतात, त्यातून स्वतःचं रेखाटन करतात, आणि पुढचं काम घरी. त्यासाठी महिन्याला जाणारे पैसे शंभर-दीडशे रुपयांच्या वर जात नाहीत. ताईंची शैली आणि न छापलेल्या गोष्टी मात्र बाहेर कुठेच चढवायच्या नाहीत, असा नियम आहे.

हातांची बोटं अजून चुकतात, विशेषतः विळ्याची मूठ धरलेली. ती प्रत्येक वेळी ताई स्वतः रंगवतात. दुसऱ्या मालिकेत आजीऐवजी बैलजोडी मुख्य आहे. सध्याच्या लोराला जू आणि शिवळा कशा बसतात ते माहीत नाही, म्हणून सध्या ताई रोज संध्याकाळी शेजारच्या गोठ्यात बसून खिलार बैलांचे अभ्यास रंगवत आहेत. तीसेक चित्रं झाली की पुढची शिकवणी लावू.